खिडकीमागचं धूसर पान

धाकट्या बहिणीचे दोन स्क्रीनशॉट आले तेव्हा मी बाभुळगावच्या शाळेत पेपर तपासत बसले होते. सोबत मेसेज होता, "ताई, हे इंग्रजीत काय म्हणून राह्यलं? हिरवं बटन दाबू का?"

एकात कुकीजची परवानगी मागणारी खिडकी, दुसऱ्यात अटी. 'दाबून टाक' लिहिणारच होते, इतक्यात त्या खिडकीमागचं धूसर पान दिसलं. गरोदरपणाचा आठवा आठवडा.

तिचं दोनदा पोट पडलं होतं. दोन्ही वेळा बातमी आधीच तिच्या सासरी, घाटंजीभर झाली आणि मग सांत्वनाला बाया येत राहिल्या. त्यातून ती कशी उठली, मला माहीत आहे.

मी स्क्रीनशॉट भाषांतराच्या ॲपला दिले. 'आम्ही आणि आमचे भागीदार आपल्या उपकरणावर माहिती साठवतो', अशी मराठी आली. डोंबलाचं भाषांतर. दोन्ही चित्रं मी पुन्हा स्वतः वाचली आणि तिला फोन लावला.

"हिरवं दाबलं तर तू काय वाचते ते जाहिरातवाल्यांना कळतं," मी म्हटलं. "मग त्याच जाहिराती तुझ्या फोनवर येऊ शकतात. आणि अटीत लिहिलंय की तू भरलेली तब्येतीची माहितीही हे साइटवाले त्यांना देतील."

ती हळूच म्हणाली, "फोन तं दुपारी सासूबाईकडेच राह्यते. भजनं पाह्यतात त्या."

झबली, पाळणे, दूधपावडर, सगळं त्या भजनांच्या मधे मला दिसायला लागलं.

"खाली बारीक अक्षरात सेटिंग्ज आहे, ते उघड. काही खटके आधीच चालू असतील, ते बंद कर. 'आवश्यक' तेवढं बंद होणार नाही, ते साइट चालण्यापुरतं असतं. मग सेव्ह कर. आणि तारीखबिरीख काही भरू नको."

"केलं. आता नाही ना कोणाले समजणार?"

हो म्हणायचा मोह झाला. पण खोटा धीर कसा देऊ?

"हिस्टरी पूस," मी म्हटलं. "आणि ते दोन स्क्रीनशॉट गॅलरीत पडलेत, तेही काढ. ट्रॅशमधूनही. आपल्या चॅटमधूनही."

"कायले? त्याच्यात तं नुस्तं इंग्रजी हाय."

मला सांगावंच लागलं. "मागचं पान दिसतं गं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे तुले समजलं," ती म्हणाली. "या टायमाले कोणालेच नव्हतं सांगायचं. तुलेबी नाही."

"मी कोणाला सांगत नाही."

"मालूम हाय." तिचा आवाज फुटला. "ताई, रोज फोन करजो. एकटीले लय भेव लागून राह्यलं होतं."