एक बोरमाळ, तीन गळे

आमच्या गावात अजून म्हणतात, हवालदारणीच्या जिभेनं पेढी बुडाली. गप्प बसली असती तर वैशाखापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात सोनं आलं असतं, असंही म्हणतात. हे खोटं आहे. पेढी आधीच बुडालेली होती आणि ते मला तिच्याही आधी ठाऊक होतं. कुणाला राग येवो, मी आता हे लिहिणार आहे.

आमचं गाव तासगावपासून थोडं आत. मी तिथं प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सांगलीच्या एका सराफानं बहात्तरच्या दुष्काळाआधी एक योजना काढली. दरमहा दहा रुपये भरायचे, पंचवीस महिने. शेवटी तोळ्याची बोरमाळ. दर महिन्याला सोडत, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला माळ लगेच, पुढचे हप्ते माफ. वर सराफाचं वचन होतं की भाव आजचाच धरणार, पुढं सोनं कितीही चढो.

गावोगाव हप्ते गोळा करायला त्यानं शाळामास्तर धरले. कमिशन थोडं होतं, पण पगाराच्या मानानं बरं होतं. दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायका दहा रुपये कुठून देणार? पण आमच्या गावात घरटी एक जवान फौजेत. मनीऑर्डर आली की बायका माझ्या ओसरीवर येत.

या बायकांना एकत्र केलं ते आक्कानं. ती माझ्या शेजारची, नात्यानं लांबची चुलत बहीण. नवरा हवालदार, तेव्हा सरहद्दीवर. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीच्या गळ्यात बोरमाळ घालूनच पाठवायची असा तिचा हट्ट होता. सासू तिला म्हणायची, "तुझ्या लग्नात तुला मागून आणल्याली घातलीवती, काय बिघडलं?" आक्का म्हणायची, "तेच बिघडलं."

आमच्याकडं लग्नकार्यात डाग मागून आणायची रीत होती. एकीची ठुशी दुसरीच्या गळ्यात, तिसरीच्या पाटल्या चौथीच्या हातात. सगळ्यांना कळायचं, पण 'हा डाग मागून आणलेला दिसतोय' असं तोंडावर कुणी म्हणत नसे. तसं म्हणणं म्हणजे भर मांडवात बाईचा पदर ओढणं. या चांगुलपणावरच सराफाचं पुढचं सगळं चाललं.

पहिली सोडत पेढीसमोर बाजाराच्या दिवशी झाली. कर्णा लावलेला, चिठ्ठ्या घागरीत, आणि गर्दीतल्याच एका बाईनं हात घालून चिठ्ठी काढली. नंतर सोडत पेढीच्या माडीवर होऊ लागली आणि निकाल आम्हा मास्तरांकडून गावात पोचू लागला. मला त्यात काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर, वाटून घेतलं नाही.

सोनं भडकलं. वर्ष-दीड वर्षात भाव दुपटीच्या घरात गेला. ज्यानं हप्त्याच्या पैशातून महिन्याच्या महिन्याला सोनं घेऊन ठेवलं असतं, त्याला वचन पाळता आलं असतं. आमच्या सराफानं ते पैसे एका थिएटरच्या भागीदारीत घातले होते. दिवाळीला मी पेढीवर गेलो तर मागच्या खोलीत कारागिरांच्या बैठकी रिकाम्या. शेगडीत राख नव्हती, कोळीष्टक होतं. माझं तीन महिन्यांचं कमिशन थकलेलं. मी मागितलं तर सराफ हसून म्हणाले, "मास्तर, नव्या वीस बायका आणा. त्यांच्यात तुमचंही निघेल, जुन्यांचंही बघू."

नव्या माणसाच्या पैशानं जुन्याचं भागवायचं, याचा अर्थ पोरांना बेरीज शिकवणाऱ्या माणसाला कळू नये? कळला. तरी मी नव्या सात बायका आणल्या.

त्याआधी आक्काला सोडत लागली होती. मीच रुमालात माळ बांधून आणली. गावभर पेढे वाटले. आठ दिवसांत तिची मुलगी माळ घालून दळायला बसली आणि फासा सुटून माळ जात्यावर आपटली. बोरमाळेचा मणी म्हणजे आत लाख, वर सोन्याचा पातळ पत्रा. फाशाजवळच्या मण्याला बोटाच्या नखाएवढा पोचा पडला. मी म्हटलं, द्या, पेढीवर फासाही पक्का करून आणतो. सराफानं माळ ठेवून घेतली. "कारागीर गावाला गेलाय, बघू," म्हणाले. दोन महिन्यांनी तीच माळ मी खालच्या आळीतल्या एका बाईला सोडतीची म्हणून नेऊन दिली. तिच्याकडूनही 'सांध्याचा डाक कच्चा राहिलाय' म्हणून परत आणली. मग पुढच्या गल्लीतल्या वहिनींना.

बायका ओरडत का नव्हत्या? जिचे हप्ते माफ झाले तिला ओरडायला तोंड राहत नाही. आणि माळ गळ्यात दिसली की बाकीच्या निमूट हप्ते भरायच्या. सराफाला एवढंच पाहिजे होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आक्काच्या घरी होतं. मी माझ्या ओसरीवर होतो, मधली भिंत छातीएवढी. एकदम तिचा आवाज आला.

"वहिनी, जरा मान वळवा बघू."

"का वो?"

"ह्यो मणी. ह्यो माझ्या जात्यावर चेपलाय. माळ माझी हाय."

मग वहिनींचा रडवेला आवाज, "मागून आणलीया म्हणतीस व्हय गं? चार बायकांत?"

"न्हाई. तुमाला सोडत लागली म्हणून दिली. मला बी लागलीवती. खालच्या आळीतल्या काकींना बी. एकच माळ तिघींना लागलीया, एवढंच म्हणतीया."

"जळतीया मेली," कुणीतरी म्हणालं. "पोरीचं लगीन आलंय न्हवं, म्हणून डोळं फिरल्यात."

आक्कानं भिंतीवरून मला हाक मारली. "मास्तर, या हिकडं. तुमीच आणल्या ना माळा? ही बघा आन् सांगा."

मी गेलो. वहिनींनी माळ पुढं धरली. पोचा समोर दिसत होता. तो मण्यावर कुठल्या बाजूला आहे हे मला न बघता सांगता आलं असतं. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "पेढीच्या माळा एका साच्यातल्या असतात. पोचा काय, कुठल्याही मण्याला पडतो."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. "मास्तर," ती म्हणाली, "पोरांनी खोटं बोललं म्हंजे किती छड्या मारता वो तुमी?"

बायका हसल्या, पण तिलाच. तिळगूळ न घेता निम्म्या उठून गेल्या.

दोन दिवसांनी सराफाचा निरोप आला, वहिनींची माळ परत आणा. मी गेलो तर उंबऱ्यावर आक्का बसलेली. आत वहिनी मान खाली घालून उभ्या.

"वहिनी, काय झालं तरी गळ्यातनं काढू नगा," आक्का म्हणाली. "एकदा भाईर गेली की ही बी न्हाई आन् दुसरी बी न्हाई."

"आक्का, माळ तुझी म्हणतेस, मग तिला का देतेस?" मी चिडवून विचारलं.

"कुनाच्या तरी गळ्यात राहू दे की. पेढीत गेली तर कुनाचीच न्हाई."

मी हात हलवत परत आलो.

पुढच्या बाजाराला ती सांगलीला गेली. बरोबर यायला फक्त चौघी तयार झाल्या. मी आधीच पेढीवर होतो, सराफानं बोलावलं होतं. ऐन गर्दीच्या वेळी ती गादीसमोर उभी राहिली.

"तीन बायकांना तीन माळा लागल्या. एक गावात हाय. उरल्याल्या दोन ताटात ठिवा. बघते आन् जाते."

"बाई, उद्या या. तिजोरीची किल्ली घरी आहे."

"मग घरला मानूस धाडा. आमी हितंच बसतो."

आणि त्या पेढीच्या पायरीवर बसल्या. गिऱ्हाईक त्यांना ओलांडून आत जाईना. सराफानं तिला बाजूला बोलावलं. काचेच्या कपाटातली एक माळ काढून तिच्यासमोर धरली. पेढीत दाखवण्यासारखी तेवढीच उरली होती. "तुमची तुम्ही घ्या," ते हळूच म्हणाले, "पण गावाला काही बोलायचं नाही."

मी तिचे डोळे बघितले. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर होतं. तिनं ती माळ हातातसुद्धा घेतली नाही.

"माझ्या नादानं वीस बायकांनी पैसं भरल्यात," ती पायरीवरच्या बायकांना ऐकू जाईल अशी बोलली. "मी एकटीनं माळ घालून गावात कुठल्या तोंडानं जाऊ?"

रस्त्यावरची माणसं थांबली. त्यात आणखी दोन गावांचे हप्तेवाले निघाले. संध्याकाळपर्यंत पेढीसमोर रांग लागली, आणि त्या आठवड्यातच कुलूप. सराफ कर्नाटकात गेले म्हणतात. थिएटर दुसऱ्याच्या नावावर निघालं. आमच्या गावात कुणालाही दमडी परत मिळाली नाही.

मग शोध सुरू झाला, पेढी कुणी बुडवली. माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही, मी मास्तर. सगळी बोटं आक्काकडं. पारावर, गिरणीत, विहिरीवर तेच. मी तिथं बसलेला असायचो आणि तंबाखू मळत गप्प राहायचो. रिकाम्या शेगडीबद्दल एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

वैशाखात तिच्या मुलीचं लग्न झालं. गावातल्या एकाही बाईनं डाग उसना दिला नाही. मुलगी नुसत्या हिरव्या चुड्यावर, मोकळ्या गळ्यानं बोहल्यावर उभी राहिली. वऱ्हाड जत भागातलं, कानडी बोलणारं, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. आक्का पुढं होऊन व्याह्यांना म्हणाली, "पोरीच्या अंगावर मागून आणल्यालं काय बी न्हाई. जे हाय ते तिचं हाय." हवालदार रजेवर आले होते, ते मिशीत हसले. व्याही काय समजले कोण जाणे, पण अक्षता पडल्या.

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. ती असेपर्यंत मी तिच्या दारात कितीदा तरी गेलो, चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो.

गेल्या महिन्यात वहिनींच्या नातवाचं लग्न होतं. नव्या नातसुनेच्या गळ्यात ती बोरमाळ. पंगतीत कुणीतरी तरुण पोरांना मजेनं सांगू लागला, "ही माळ वाचली बघा. बाकीची पेढी हवालदारणीनं खाल्ली."

मी पानावरून उठलो. गुडघे धरून उठलो, पण उठलो. म्हणालो, "फाशाजवळचा मणी बघा. त्याला पोचा आहे. तो हवालदारणीच्या जात्यावरचा आहे. ही माळ तिन्ही घरी मी स्वतः रुमालातून नेली. पेढी दिवाळीलाच रिकामी होती आणि ते मी बघितलं होतं. तिनं फक्त तोंड उघडलं, आणि ही माळ तुमच्या घरात राहिली ती तिच्यामुळं."

"आप्पा, बसा," पुतण्या माझा सदरा ओढत म्हणाला, "लग्नघर आहे."

"म्हणूनच उभा आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी चार बायकांत खोटं बोललो होतो. आज चारशे माणसांत खरं बोलतो."

खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या, नव्वदीच्या जवळ आलेल्या. त्यांनी नातसुनेला जवळ बोलावलं, माळ हातात घेतली, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटानं मणी चाचपत गेल्या आणि फाशाजवळ थांबल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तिचीच. मला हळदीकुंकवालाच कळलंवतं."

वाढपी जिलबी घेऊन तसाच उभा राहिला. मी म्हटलं, वाढ की रं, आणि पानावर बसलो.