हसून भागत नाही तेव्हा

माझ्या सुनेचं नि तिच्या थोरल्या बहिणीचं भांडण मी ऐकलं, ते आम्ही लग्नाची बोलणी करायला त्यांच्या घरी गेलो त्या दिवशी. मी पाणी मागायला आत निघाले होते, आणि दाराशीच थबकले.

थोरली दातओठ खाऊन सांगत होती, "तू तोंड उघडलंस की सगळं विस्कटतं. तू नुसती मान हलव. बोलायचं मी बघते."

"पण मलाच विचारलं तर?"

"तर हस!"

"दरवेळी काय हसायचं? येडी म्हणतील मला."

"म्हणू देत. तोंड उघडून कळण्यापेक्षा बरं."

मी पाणी न पिताच बाहेर आले. तर अशी हसरी सून मला मिळाली. घरात बोलायची, माझ्याशी तर पोपटासारखी. चार माणसं समोर आली की मात्र दातखीळ.

कपडे उसवून, शिवून नीट करून द्यायचं काम ती घरीच करते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीकडे लोक कपडे टाकतात, त्यातले फाटके, सैल, आखूड हिच्याकडे येतात, नि रोज संध्याकाळी ही ते परत नेऊन देते. माझी नात मोठी झाल्यावर हिच्या डोक्यात कॉलेज शिरलं. समाजशास्त्र. मी चार बुकं शिकलेली. मला वाटलं समाजकार्य असेल, लोकांना चादरीबिदरी वाटत असतील. तसं नव्हतं. आपण जगतो तसं का जगतो, हे तिथे शिकवतात म्हणे. मी म्हटलं, त्याला फी कशाला?

पहिल्या सेमिनारला ही सगळ्यांसमोर उभी राहिली, बाईंनी प्रश्न विचारला, आणि ही हसली. बाईंनी परत विचारला. ही परत हसली. नापास. दुसऱ्यातही तेच झालं तर वर्ष जाणार होतं, आणि माझ्या लेकाने आधीच सांगून ठेवलेलं, "एकदा फी भरतो. वर्ष गेलं तर परत नाही." तेव्हापासून ती शिवलेलंच परत उसवायची.

यावेळी तिघांचा गट होता. एक उंच मुलगा, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारा. त्याला सगळे भाषणे म्हणायचे. दुसरी एक नर्स, ड्यूटीवरून थेट यायची, चहा पिता पिता डुलक्या घ्यायची. विषय होता घरातल्या कामाची वाटणी. ते आमच्याच बाहेरच्या खोलीत जमले आणि त्यांनी स्वतःच्या कामाची वाटणी चहा निवायच्या आत उरकली. भाषणे म्हणाला, "सिद्धांत माझा. काकू, तुम्ही बायकांशी बोलून पुरावा आणा. सिस्टर दमलेल्या असतात, शेवटचे चर्चेचे प्रश्न त्यांना. सोप्पं."

सगळे खूश. जो तो आपापलं घेऊन घरी गेला.

सून इस्त्रीवालीशी नि तिच्याकडे कपडे टाकायला-न्यायला येणाऱ्या बायकांशी बोलली. आधी विचारायची, सांगू का हे वर्गात, नाव न घेता? मग विचारायची, तुमच्या घरात कामं कोणी वाटली? मलाही विचारलं. मी म्हटलं, "वाटली? बाई गं, सगळ्यांनी उचलून उरलेलं ते माझं."

सेमिनारच्या आदल्या दुपारी तिघं परत जमले, तालीम करायला. मी आतून मटार सोलत ऐकत होते.

भाषणे छान बोलला. घर म्हणजे एक शरीर, प्रत्येक जण एकेक अवयव, कामं वाटलेली असतात म्हणून घर नीट चालतं. मग सून उठली. तिच्याकडच्या बायका भलतंच सांगत होत्या: कोणी वाटलं नाही, अंगावर आलं, नाही म्हटलं की घरात अबोला. मग नर्सने तिचे प्रश्न वाचले. पहिलाच, "बायकांनी नोकरी करावी का, हो की नाही?"

तिघांची तीन तोंडं. डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं, शेपूट तिसऱ्याचं.

भाषणे हळूच म्हणाला, "काकू, तुमच्या दोघीतिघी जणी माझ्या मुद्द्याला धरून आहेत ना? तेवढ्याच ठेवू. बाकीच्या काढू."

सून हसली.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, गेलं. झालं हिचं वर्ष.

"काढायच्या ना मग?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं मांजर. "त्यांनी मला खरं सांगितलंय. निम्मं लपवलं तर तो पुरावा कसला? आणि बाईंनी मला विचारलं, बाकीच्या काय म्हणाल्या, तर? मला खोटंही बोलता येत नाही हो. मला तर खरंही बोलता येत नाही."

तेवढ्यात नर्स जागी झाली. अगदी खरोखरची जागी. "थांबा! तुमचा सिद्धांत नि यांच्या बायका जिथे जुळत नाहीत, तिथेच माझे प्रश्न आहेत की. हो-नाहीचे कशाला? वाटणी सगळ्यांच्या सोयीची असते, तर नाही म्हणायची भीती का वाटते? हे विचारू."

भाषणेने डोकं खाजवलं. "मग मला दुसरा सिद्धांतही मांडावा लागेल. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या सोयीने काम वाटलं जातं, असं म्हणणारा." तोंड कडू झालं होतं त्याचं, पण मुलगा गुणी. मग त्यांनी नवी वाटणी केली: बोलायचं आपापलं, पण प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग आपल्या शब्दांत सांगून दाखवायचा. बाई कोणालाही मध्येच कोणाचंही विचारतात, हे पहिल्या दिवशी कोणाच्या ध्यानातच नव्हतं. जाता जाता माझं वाक्य मात्र त्यांनी काढलं. सासू म्हणजे घरचा साक्षीदार, चालत नाही म्हणे. असो.

सेमिनारच्या सकाळी सुनेने चहात मीठ टाकलं. आम्ही तो मुकाट्याने प्यायलो. माझा लेकसुद्धा.

पुढचं तिनेच मला सांगितलं. भाषणेचं झालं, हिचं सुरू झालं. बाईंनी हात वर केला. "थांबा. तुमचा पुरावा यांचा पहिला सिद्धांत खोटा ठरवतो का?"

हिला हसू आलं, ओठांपर्यंत आलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "मी थोड्याच जणींशी बोलले, त्याही एकाच दुकानात येणाऱ्या. तेवढ्यावर खोटं म्हणता येणार नाही. पण घर नीट चालतं म्हणताना कोण दमतं, ते त्या सिद्धांतातून दिसत नाही. या बायकांच्या बोलण्यातून दिसतं."

बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिल्या. तेवढ्या वेळात आपण तीनदा नापास झालो, असं ती म्हणाली. मग नर्सने प्रश्न टाकला, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उसळून म्हणाला, आमच्या घरी असं काही नाही. शेजारची मुलगी म्हणाली, तू घरी असतोस कधी? जुंपली वर्गात. तास संपल्याचं कोणाला कळलं नाही. बाई निघताना एवढंच म्हणाल्या, "पास आहात तिघं. पुढच्या वेळी जरा मोठ्याने."

घरी आल्या आल्या तिने वही परत उघडली. मी म्हटलं, "अगं, आता कसली भीती?" तर म्हणाली, "पुढच्या वेळी म्हणाल्या ना त्या."

मग तोंडावर पाणी मारलं, तयार कपड्यांचं गाठोडं उचललं आणि कोपऱ्यावर गेली. मीही पाय मोकळे करायला सोबत गेले. इस्त्रीवालीने निखारे झटकत विचारलं, "काय गं, माझं सांगितलंस का तिथे?"

"सांगितलं. नाव नाही घेतलं."

"हसले का लोक?"

"नाही. भांडले."

"मग बरं झालं," इस्त्रीवाली म्हणाली.

सुनेने एका गिऱ्हाइकाची पँट उलटी करून शिवण दाखवली. "कंबर बोटभर सैल केलीय. साहेबांना म्हणावं, आता पुरे, आत कापड उरलं नाही."

आणि उद्याचे कपडे मोजून घेतले, रोजच्यासारखे.