लग्नाच्या पन्नाशीत मयतीचं प्रवचन

ऐका, माह्यासारखा येडा माणूस अख्ख्या आरमोरीत सापडणार नाई. कसा, ते सांगतो.

मी रिटायर मास्तर, न् आमच्या लहानशा चर्चमध्ये प्रवचन देणारा. पाळक कधीमधी येते, बाकी सारं माह्या बोडक्यावर. त्या दिवशी सकाळी बल्लारपूरले मयत, न् संध्याकाळी नामदेवभाऊ-हिराबाईच्या लग्नाची पन्नाशी! बसमध्ये उभा राहून आलो. जीव निस्ता थकून गेला होता.

बायबलातलं उपदेशकाचं पुस्तक उघडलं. वचन झकास होतं: या व्यर्थ आयुष्याचे सारे दिवस लाडक्या बायकोसंगं आनंदात काढ. पण 'व्यर्थ' तोंडात आलं न् घात झाला! ते पुस्तक आमच्याकडे मयतीतच उघडते ना? जीभ आपली सकाळच्याच वाटेनं चालली. घर व्यर्थ, धान व्यर्थ, लेकरं व्यर्थ, संसार व्यर्थ... वरतून "कुटुंबाचं सांत्वन होवो" बी म्हणलो!

हिराबाईनं गळ्यातला हार काढून ठेवला.

"गुरुजी, मंग मी इतके वर्षं कायले रांधून राह्यली?"

"मी सकाळपासून हिले सांगून राह्यलो का आपला संसार चांगला झाला," नामदेवभाऊ रडकुंडीले आले. "तुम्ही त देवाच्या पुस्तकातूनच नाई म्हणता!"

आता काय करू? म्हणलो, "थांबा! मूळ हिब्रूत शब्द आहे हेवेल. म्हंजे श्वास, वाफ. भाऊ, या चहाची वाफ धरा बरं."

भाऊनं मूठ मिटली, उघडली. "काई नाई."

"पण वाफ खोटी होती का?"

"खोटी कायची? हात पोळला न!"

"तेच! हेवेल म्हंजे निकम्मं नाई. आहे, पण टिकत नाई, मुठीत येत नाई. म्हणूनच उपदेशक वाऱ्यामागं धावण्याची गोष्ट करते. आदामाचा पोरगा हाबेल, त्याचं नावबी हेच. बिचारा आला न् भावाच्या हातून लवकरच गेला. कुठी कुठी 'पोकळ' असाही अर्थ निघते, पण इथी पाहा: या श्वासाएवढ्या आयुष्याचे सारे दिवस लाडक्या बायकोसंगं आनंदात काढ. थोडे आहेत, म्हणून काढ!"

हिराबाईचे डोळे भरले. भाऊनं हार उचलून तिच्या गळ्यात घातला. मलेबी भरून आलं.

तिथीच बसायचं ना? पण मले चढलं! 'हवेल हवालीम' म्हंजे श्वासातला श्वास, शब्द दोनदा घेऊन जोर कसा देते, मंग बायबल लॅटिनात नेणाऱ्यानं 'पोकळ'च कसं धरलं, तिथून ते इंग्रजीत कसं गेलं... थकवा कुठी पळाला कोण जाणे! पाहुणे जांभया देऊन राह्यले, लेकरं झोपली.

शेवटी हिराबाईनं हात जोडले.

"गुरुजी, आमचा हेवेल आधीच थोडा उरला. त्यातला अर्धा तुम्हीच घेऊन बसले!"