पायापासून छज्ज्यापर्यंत

आप्पांची वाचा गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चित्रं दाखवा आणि नाव विचारा. मी दाखवली. आंबा, गाय, चमचा, छत्री. आप्पा माझ्याकडं असं बघायचे की मलाच कानकोंडं व्हायचं. उभा जन्म गवंडीकाम केलेल्या माणसाला लेकीनं म्हातारपणी ‘हा बघा चमचा’ म्हणून शिकवायचं? एके दिवशी मला असा संताप आला की ती चित्रं मी कपाटावर भिरकावून दिली.

उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही अर्धांगाच्या एका झटक्यात गेली होती. समजत सगळं होतं. शब्द ओठांवर येऊन अडायचा आणि मग ते डोळे मिटून डावी मूठ मांडीवर आपटत राहायचे. आमचं गाव शिरूरकडचं, पण दवाखाना जवळ म्हणून मी त्यांना दौंडला माझ्याकडं आणलं होतं. माझा नवरा रेल्वेत, मी घरी ब्लाउज शिवते. मशीन चालवता चालवता मी त्यांच्याशी एकटीच बडबडायचे. उत्तर कुणी द्यायचं?

माझा धाकटा भाऊ आप्पांच्याच धंद्यात आहे. तेव्हा तो यवतला स्वतःचं घर बांधत होता. एकदा त्याचा फोन आला आणि मी सहज विचारलं, “कुठवर आलं रे घर?” तो काही सांगायच्या आत पलंगावरून आवाज आला. आप्पा एका दमात म्हणाले, “पाया, जोतं, खांब, चौकट, लिंटल, छज्जा, तुळई, स्लॅब.”

ही आप्पांची जुनी ओळ. घर कुठवर आलं असं कुणी विचारलं की ते आधी अख्खी ओळ म्हणायचे आणि मग सांगायचे, जोत्यावर आलंय, लिंटलला आलंय. कागदावर प्लिंथ असायचं, आप्पांच्या तोंडी जोतं. जमिनीची ओल न लागता त्यावर भिंती कोरड्या उभ्या राहतात, असं ते आम्हाला समजवायचे. दारं-खिडक्यांच्या डोक्यावर जी आडवी पट्टी पडते ती लिंटल, तिला मात्र त्यांच्याकडं दुसरा शब्द नव्हता; तिच्यातूनच पावसाच्या आडोशाला बाहेर निघतो तो छज्जा. बीमला ते हट्टानं तुळईच म्हणायचे, कारण त्यांच्या वडिलांच्या वेळी ती लाकडाची असायची. बिहारी मिस्त्री स्लॅबलाच लिंटर म्हणतात, त्यावरून आप्पा त्यांची फार टर उडवायचे.

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाढे किंवा वार जसे तोंडपाठ असतात तसंच हे आहे, ते वेगळ्या जागी साठतं म्हणून येतं. पण त्यातला हवा तो एकच शब्द उचलून बोलता येईलच असं नाही. आणि झालंही तसंच. मी दाराच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं की आप्पा पायापासून सुरू करायचे आणि लिंटलपाशी येऊन थांबायचे. उंबऱ्याजवळ बोट नेलं तरी पाया, जोतं. नुसतं जोतं काही केल्या यायचं नाही. तरी मी रोज त्यांना अख्ख्या घरभर फिरवायचे. माणसांची कुठली आलीय ओळ? मला हाक मारायची तर कुठून सुरू करणार? आजारपणापासून त्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. एक शब्द, फक्त एक शब्द एकटा सुटून यावा, मग पुढं सगळं येईल, एवढ्या आशेवर मी दिवस काढत होते.

यवतला लिंटल आणि छज्जा भरायचा होता त्या दिवशी भावानं आम्हाला बोलावलं. शटलनं गेलो, स्टेशनावरून रिक्षा केली. समोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून आप्पांना बसवलं. सिमेंटचा वास नाकात गेला तसे ते ताठ बसले. मला बरं वाटलं. वहिनीनं चहा आणला. घमेली वर चढायला लागली. छज्ज्याच्या गजांच्या जाळीवर एक गडी उभा राहून खालून आलेली घमेली घेत होता आणि पुढं देत होता.

आप्पांनी डावा हात उचलला. “पाया, जोतं, खांब, चौकट, लिंटल, छज्जा.” थांबले. मी म्हटलं, हं, पुढं? तुळई? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाले, “छज्जा.”

नुसतं छज्जा. खालून चढत न येता, एकटा शब्द. मग परत, “छज्जा. छज्जा.” मी ओरडलेच. भाऊ काम टाकून खाली आला आणि त्यांच्या पायाशीच बसला. वहिनीनं लिंटलच्या नावानं आणलेला पेढ्यांचा पुडा तिथंच फोडला. गडीसुद्धा वरून बघून हसले. आप्पा हात तसाच वर धरून म्हणत राहिले, छज्जा, छज्जा, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आम्हाला वाटलं, आनंदाचं. ते मूठ खुर्चीच्या हातावर आपटायला लागले तेव्हा मी त्यांचे डोळे पुसले आणि तोंडात पेढ्याचा तुकडा घातला. तोवर वर काँक्रीट भरून झालं होतं.

घरी येताना मी गाडीत वेड्यासारखी हसत होते. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

पुढं छज्ज्याखालचे टेकू काढायला भाऊ स्वतः गेला. शेवटचा टेकू निघाला आणि छज्जा भिंतीपासून तुटून खाली आला. भावाला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. पाय मांडीपासून गुडघ्यापर्यंत चेचला गेला. जिवावरचं पायावर गेलं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. आता तो पुन्हा बांधकामाच्या बांबूंच्या पहाडावर चढणार नाही.

तुटलेल्या कडेला गज दिसत होते, अगदी तळाशी लोळलेले. छज्जा भिंतीतून नुसता बाहेर लोंबकळतो, त्याला खालून आधार नसतो. त्याचं वजन वरच्या अंगाला ओढ देतं, म्हणून गज वरच्या बाजूला लागतात. भरताना कुणी जाळीवर उभं राहिलं की ती दबून तळाला जाते. कुठल्याही गवंड्याला हे माहीत असतं, भावालाही होतं. भरताना तो दर वेळी आकड्यानं जाळी वर उचलून घेतो. त्या दिवशी तो खाली येऊन पेढा खात होता.

दवाखान्यात त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, “आप्पा तेच सांगत व्हते गं. आन् आपण त्यांचं तोंड गोड केलं.” मला तिथं उभं राहवेना. बाहेर जिन्यात जाऊन मी रडले, आणि देवाला नाही नाही ते बोलले. द्यायचाच होता एक शब्द, तर हाच दिला?

आप्पांना आम्ही सांगितलं नव्हतं. पण वहिनी आली, तिचा चेहरा त्यांनी बघितला, आणि पोराचं नाव कुणी घेतलं की सगळे गप्प होतात हेही त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं नाही. विचारणार कशानं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खंड पडू देऊ नका, आलेलं जाईल. म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसले, दाराच्या पट्टीकडं बोट केलं आणि म्हटलं, “आप्पा, म्हणा. पाया, जोतं…”

त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. जोरात नाही, हळूच, आणि मी गप्प होईपर्यंत तो काढला नाही. तेव्हापासून त्यांनी एकही शब्द काढलेला नाही, आणि मीही त्यांना काही विचारत नाही.