तीन ठिकाणची खाडाखोड

धुळ्यात जिल्ह्याच्या कचेऱ्यांपासून दहा मिनिटांवर माझा टायपिंगचा क्लास होता. तीन मशीन, एक बाक आणि माझी जीभ. ती तिखट आहे असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. सकाळी मुलं शिकायला येत, दुपारी कंत्राटदार टेंडरं टाइप करून घ्यायला. त्यांच्यात माझा बराच बोलबाला होता, कारण मी नुसती टाइप करत नसे. कचेरीच्या अटींचा कागद डावीकडे आणि माणसाचा कागद उजवीकडे ठेवून एकेक अट बोट लावून वाचायची. राहिलं असेल ते तोंडावर सांगायची. गुळमुळीत लिहिलेलं दिसलं की माझं डोकंच फिरायचं.

सत्तर साल जवळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. शिंदखेड्याकडचे एक सुतार होते, धुळ्यात येऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती. मी त्यांना आबा म्हणायची. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, त्यात ते आणि त्यांचा तरणा मुलगा. शाळांसाठी बाकं पुरवायचं टेंडर निघालं होतं. ते मिळालं तर दोघांना वर्षभर काम होतं. नाही मिळालं तर मुलगा सुरतेला गिरणीत जाणार होता, त्याचा दोस्त तिथं होताच. आबांची बायको आधीच गेलेली. मुलगा गेला की घरात ते आणि रंधा.

आबांनी मुलाकडून लिहून आणलेले कागद मी आधी जसेच्या तसे टाइप केले आणि मग अटी तपासायला घेतल्या. अनामतीची पावती होती, नमुन्याचं बाक जमा केल्याची पोच होती. विक्रीकराचा दाखला मात्र नव्हता, आणि तो नसेल तर टेंडर वाचलंच जाणार नाही असं अटींत स्पष्ट होतं. आबांना वाटलेलं, दाखला काम मिळाल्यावर द्यायचा असतो. मी त्यांना झाडलं आणि आणायला पाठवलं. बाकीच्या अटींवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. शेवटून दुसरी अट होती की कागदात खाडाखोड असेल तर त्या प्रत्येक ठिकाणी निविदाकाराची सही हवी, नाहीतर निविदा बाद. आपल्या कागदात खाडाखोड नव्हती. मी खूण केली आणि पुढं गेले.

दाखला मिळायला आठ दिवस लागले. शेवटच्या दिवशी अकरा वाजता आबा धापा टाकत आले. एक वाजता पेटी बंद होणार होती. त्यांनी प्रत्येक पानाखाली सही केली. त्यांची सही म्हणजे एकेक अक्षर तासून बसवल्यासारखं काम, त्यातच पाव तास गेला. दाखला जोडताना मी कागद वरून खाली पुन्हा वाचले आणि आठ दिवसांपूर्वी मला दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. लाकडाच्या जागी लिहिलं होतं, चांगल्या प्रतीचं. पुरवठ्याच्या जागी, शक्य तितक्या लवकर. हमीच्या जागी, नेहमीप्रमाणे.

मी आबांवर उखडले. चांगलं म्हणजे काय, लवकर म्हणजे कधी, साहेबानं काय समजायचं? ते ओशाळून आपल्या अहिराणीत म्हणाले, "माले लाकूड समजस, अक्का. कागदवर काय लिखानं ते तू सांग."

मी त्यांना विचारत गेले. लाकूड कोणतं? सागवान, वर्षभर वाळवलेलं. किती दिवसांत द्याल? दर महिन्याला पन्नास बाकं, वर्षभरात सगळी. बाक मोडलं तर? वर्षाच्या आत फुकट दुरुस्त करून देणार. इतकं सरळ बोलणारा माणूस कागदावर एवढा पोकळ कसा दिसतो याचं मला नवल वाटलं. सगळं पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता. मी पान मशीनला लावलं, तिन्ही ठिकाणचे शब्द फुल्या मारून खोडले आणि वर नवे टाइप केले. पाकीट लाखेनं बंद केलं. आबा निघाले तेव्हा पाऊण वाजला होता, आणि मी स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी ते परत आले. टेंडरं उघडली तेव्हा सगळ्यांसमोर साहेबांनी त्यांचं बाजूला ठेवलं. भाव सगळ्यात कमी होता, पण तीन ठिकाणी खाडाखोड आणि सही एकाही ठिकाणी नाही. अटींचा तो कागद टेबलावरच होता, त्यावर माझी लाल खूण. खूण केली तेव्हा ती खरी होती. खोटी मी नंतर केली, स्वतःच्या हातानं, आणि पुन्हा तपासून पाहिलं नाही.

आबा म्हणाले, "मनी चूक व्हयनी. सही करानं ध्यानमा ऱ्हायनं नही."

आयुष्यभर लोकांच्या चुका मोठ्यानं वाचून दाखवल्या, आणि त्या एका वेळी स्वतःची चूक सांगितली नाही. मला वाटलं, चूक कुणाची हे त्यांना खरंच कळलेलं नाही.

चार-पाच दिवसांनी रस्त्याच्या कामाचा एक कंत्राटदार टेंडर घेऊन आला. आबांचं टेंडर बाद झालं त्या दिवशी तो कचेरीत हजर होता. हसत हसत सांगू लागला, की साहेबांनी हे कुणी टाइप केलं म्हणून विचारलं, तर म्हातारा म्हणाला, बाईंनी कागद स्वच्छ करून दिला होता, मीच नंतर दुसरीकडे जाऊन खाडाखोड केली. कंत्राटदार म्हणाला, असल्या अडाण्यांसाठी तुम्ही कशाला जीव काढता.

त्याला बसवून मी तशीच शेडकडे गेले. मुलगा वळकटी बांधत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी आवळायला लागला. आबा दाराशी पटाशीला धार लावत होते, कशासाठी कोण जाणे. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की चूक माझी होती, मी कचेरीत येते, साहेबांना सांगते. ऑर्डर दुसऱ्याला गेलीय हे मलाही माहीत होतं, तरी म्हटलं.

आबांनी मला बसायला पाट सरकवला.

"माले ठाऊक शे, अक्का," ते म्हणाले. "मी तठे खरं सांगतू त उपयोग काय व्हता? तुनाकडे लोक इस्वासवर येतस. मनाकडे आते कोन येस?"

मला रडू आवरलं नाही. मुलगा आत निघून गेला. आबांनी चहा ठेवला, आणि मी तो प्यायले, कारण नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलगा सुरतेला गेला.

आबांकडून उठून मी क्लासवर परतले तेव्हा कंत्राटदार अजून माझी वाट बघत बसला होता. मी त्याचे कागद पुढं ओढले आणि अटी वाचायला घेतल्या. एक दाखला कमी होता, आणि दोन ठिकाणी गुळमुळीत लिहिलेलं होतं, ते त्याला बोट लावून दाखवलं. तुम्ही पाहिलंत की आम्ही निर्धास्त, असं म्हणून तो खुशीत गेला. आबांच्या कागदावरची खाडाखोड कुणी केली, ते मी त्याला सांगितलं नाही.