मालिनीबाईंनी मोजलेली माणसं

माझ्या सासूबाई, मालिनीबाई, पहिलं वर्षभर मला आवडल्या नाहीत. त्यांनाही मी आवडले नाही. आम्ही दोघींनी ते लपवलंही नाही. त्या कुळगावातल्या प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत होत्या आणि घरातही सगळ्यांचा गृहपाठ तपासल्यासारख्या वागत. भाजीत मीठ जास्त झालं की त्या बोलत नसत. ताटातली भाजी बाजूला सारत आणि माझ्याकडे बघत.

त्यांचा माझ्यावरचा राग मला फार उशिरा कळला. मी आयुर्वेदाची पदवी घेऊन सून म्हणून आले आणि माझे सासरे, दिनानाथ, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमची डॉक्टरीणबाई' म्हणून माझी ओळख करून देऊ लागले. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. ते कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. ज्या बायकोला सत्तावीस वर्षांत त्यांनी 'तुझ्या शाळेत आज काय झालं' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, तिच्यासमोर ते माझं कौतुक करत. मी त्या जागी असते तर सुनेच्या ताटात मीठ ओतलं असतं.

पंच्याण्णव सालच्या पावसाळ्यात माझा दवाखाना काढायचं ठरलं. ठरलं म्हणजे अण्णांनी ठरवलं. गाळ्याची अनामत भरायला माझ्या वडिलांनी दिलेल्या पाटल्या मोडायच्या होत्या. दुसरा पैसा नव्हता. दवाखाना चालला नाही तर पुढे मी काय करायचं हेही अण्णांनी सांगून ठेवलं होतं: उल्हासनगरच्या कुठल्याशा नर्सिंग होममध्ये रात्रपाळी, दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली, जन्मभर.

अण्णा गाफील माणूस नव्हते, एवढं कबूल करायला हवं. त्यांनी एक्याण्णवच्या जनगणनेचं जिल्ह्याचं पुस्तक मिळवलं, आमच्या शहराची पानं झेरॉक्स केली आणि पट्टी ठेवून एकेक वॉर्ड वाचला. गणना झाली तेव्हा आम्ही कल्याण महापालिकेत होतो. पुढच्याच वर्षी नगरपरिषद वेगळी झाली आणि वॉर्ड नव्याने आखले गेले. म्हणजे पुस्तकातला वॉर्ड आणि आजचा वॉर्ड एक नव्हे. हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं होतं. जुना नकाशा नव्यावर ठेवून त्यांनी हद्दी जुळवल्या होत्या. मी थक्क झाले होते.

त्यांनी नदीच्या अंगाचा एक वॉर्ड निवडला. लोकसंख्या चार हजारांच्या आसपास, एकही डॉक्टर नाही, आणि काम करणाऱ्यांच्या रकान्यांत सर्वांत मोठा आकडा 'घरगुती सोडून इतर कारखानदारी' या सदरात. जनगणनेत उत्पन्न विचारत नाहीत, त्यामुळे माणसाच्या धंद्यावरूनच त्याच्या खिशाचा अंदाज करावा लागतो. अण्णांनी तो केला. कारखान्यातले कामगार, म्हणजे दरमहा पगार, म्हणजे डॉक्टरची फी द्यायला हात आखडणार नाहीत. रस्त्याच्या कडेचा एक गाळा त्यांनी बघून ठेवला. सोमवारी करारावर मी सही करायची होती.

गुरुवारी जेवताना त्यांनी हे सगळं पुन्हा एकदा मला समजावलं. सासूबाई आमटी वाढत होत्या. वाढता वाढताच म्हणाल्या, "ती माणसं तिथं नाहीत."

"सरकारी आकडा आहे," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"तो आकडा मी लिहिलाय."

अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. एक्याण्णवच्या फेब्रुवारीत शाळेतल्या शिक्षकांना गणनेचं काम लागलं होतं आणि सासूबाई वीस दिवस उन्हातान्हात हिंडत होत्या. त्या कुठे जात होत्या, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. वॉर्डाचे सहा गट होते. त्यातले तीन वीटभट्ट्यांचे, आणि त्या तिनांतला एक सासूबाईंनी मोजलेला.

मग त्यांनी त्या झेरॉक्सवर बोट ठेवलं आणि अण्णांना वर्गात उभं केलं. स्त्री कामगारांचा आकडा पुरुषांच्या जवळपास आहे, तुमच्या कारखान्यात अशा किती बाया होत्या? साक्षरांचा आकडा एवढासा का? आणि अनुसूचित जमातीचा रकाना वाचलात का? अण्णांनी तो वाचलाच नव्हता. आमच्यासारख्या घरात तो रकाना कोणी वाचत नाही. वीट पाडणं हीसुद्धा जनगणनेच्या हिशेबात कारखानदारीच. मोजणी फेब्रुवारीत झाली, तेव्हा भट्ट्या पेटलेल्या होत्या आणि बारवी, वांगणीकडच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबं मोजणीचे सगळे दिवस तिथेच मुक्कामाला होती. नियमाप्रमाणे ती तिथेच मोजली गेली. पावसाच्या आधी ती उठून गेली. पुस्तकात मात्र ती बारा महिने राहतात.

अण्णांना हे उमगलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण सुनेसमोर, बायकोकडून, आमटीच्या वाटीवर हार मानायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही मास्तरणींनी भत्त्यासाठी आकडे फुगवले, असं सरळ सांग."

सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मीही त्यांना जेवायला बोलावलं नाही. मला वाटलं, नवरा-बायकोचं जुनं भांडण आहे आणि माझ्या दवाखान्यावरून उकरलं जातंय. माझा नवराही म्हणाला, अण्णा म्हणतात तर सही करून टाक.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "चप्पल घाल." कुठे जायचं ते सांगितलं नाही. अर्धा तास मी त्यांच्या मागून चिखल तुडवत गेले आणि मनातल्या मनात त्यांना नको नको ते बोलत होते.

तो वॉर्ड मी पाहिला. कमरेएवढं गवत, मोडलेल्या विटांचे ढीग, खोपटांच्या जागी नुसते ओटे, त्यात साचलेलं पाणी. दोन-चार चाळी रस्त्याला लागून होत्या, तेवढीच वस्ती. भट्टीची राखण करायला बारकू आणि त्याची बायको चंद्री एवढीच माणसं उरली होती. सासूबाईंनी विचारलं, बाकीचे कुठे?

"आता कोन र्‍हातंय हितं, बाय," बारकू म्हणाला. "समदी पाड्यावं गेल्यात. दिवाली झाली का येतील."

चंद्री पुढे आली नाही. ती सासूबाईंकडे बघत राहिली आणि सासूबाई एका मोकळ्या ओट्याकडे. मग त्यांनी मला सांगितलं, रागाने, जणू सगळा दोष माझाच होता. गणनेत माणशी एक चिठ्ठी भरायची. या ओट्यावरच्या खोपटात चंद्रीची आठ दिवसांची मुलगी होती. नाव ठेवलेलं नव्हतं, तरी तिची चिठ्ठी भरली. सहाशे एकेचाळिसावी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फेरी मारायची असते, एक तारखेच्या सूर्योदयाआधी कोण जन्मलं, कोण गेलं, ते दुरुस्त करायला. मुलगी अठ्ठावीस तारखेला तापाने गेली होती. जवळचा डॉक्टर स्टेशनापाशी होता आणि मुकादमाने चंद्रीला भट्टीवरून सोडलं नव्हतं.

"मी तिची चिठ्ठी रद्द केली," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या आईसमोर. आणि हा म्हणतो, मी आकडे फुगवले."

नवऱ्याला 'हा' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटचं.

मला लाज वाटली. अण्णांची वाटली, त्याहून जास्त माझी. वर्षभर मी या बाईच्या मिठाचा हिशेब ठेवत बसले होते.

सोमवारी मी सही केली नाही. अण्णांनी आकांडतांडव केलं. गाळेवाल्यासमोर नाक कापलं, म्हणाले. पाटल्या घेऊन माहेरी जा, असंही म्हणाले. नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. सासूबाई माझ्या बाजूने काहीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन नगरपरिषदेत गेल्या, एवढंच.

तिथे त्यांनी कारकुनाकडून दोन वह्या मागितल्या. एक दारिद्र्यरेषेच्या पाहणीची. त्यात प्रत्येक कुटुंबाचं उत्पन्न लिहिलेलं होतं, पण सासूबाईंनी ती दोन मिनिटांत मिटली. गरिबांच्या यादीत आलं की सरकारी कर्ज मिळणार म्हटल्यावर कोण खरं उत्पन्न सांगेल? अर्ध्या वॉर्डाचं उत्पन्न मर्यादेच्या बरोब्बर खाली होतं. दुसरी वही घरपट्टीची. तीत त्या बसल्या. शहरातल्याच कात्रपच्या भागात एक्याण्णवच्या पुस्तकात जेमतेम वस्ती होती, पण त्यानंतर दर वर्षी नव्या इमारतींची आकारणी झालेली होती, सदनिकेमागे भाडेमूल्यासकट. किती घरं आणि साधारण कशा ऐपतीची, हे त्या वहीत होतं. पुस्तक चार वर्षांपूर्वी थांबलं होतं. तरी त्यांचा विश्वास बसेना. पुढचे दोन दिवस आम्ही त्या इमारती चढून-उतरून पाहिल्या, कारण आकारणी झालेल्या फ्लॅटला कुलूपही असू शकतं. दर पाच घरांमागे एकाला होतं. ते वजा केलं. उरलेल्या घरांतले पुरुष सकाळी जात आणि रात्री येत. दिवसभर बाया, मुलं, म्हातारे. सर्वांत जवळचा डॉक्टर रेल्वेच्या पलीकडे.

दसऱ्याला कात्रपमध्ये माझा दवाखाना उघडला, एका खोलीचा. पाटल्या गेल्याच. अण्णा आले नाहीत. पुढेही कधी आले नाहीत. गुडघे आखडले तरी ते रिक्षा करून दुसऱ्या डॉक्टरकडे जात. पहिले दोन महिने माश्या मारल्या, मग खोली पुरेना.

उद्घाटनाच्या दिवशी सासूबाईंनी पेढा घेतला नाही. म्हणाल्या, "बुधवारी सकाळी दवाखाना बंद ठेवायचा. दिवाळीनंतर." कशासाठी, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर भट्ट्या भरल्या. दर बुधवारी मी औषधांची पेटी घेऊन तिथे जाऊ लागले. मुकादमाने पहिल्यांदा हाकललं, दुसऱ्यांदा शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा सासूबाई रजा टाकून सोबत आल्या आणि त्याला वर्गातल्यासारखं इतकं झापलं, की पुढे तो स्वतःच तापाची पोरं घेऊन उभा राहू लागला. आमच्या दोघींत फार गोडी आली, असं नाही. भाजी त्या अजून बाजूला सारतात.

शहाण्णवच्या मार्चची पहिली तारीख. सूर्य उगवायच्या आत सासूबाई भट्टीवर हजर होत्या. मी मागून धापा टाकत. त्या खोपटा-खोपटात वाकून तान्ही मुलं मोजत गेल्या. हातात कागद नव्हता. चंद्रीच्या दाराशी थोडा वेळ थांबल्या. तिच्या मांडीवर नवा मुलगा होता.

घरी आलो तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. सासूबाई पायावर पाणी घेता घेता मला म्हणाल्या, "दिवाळीनंतर अठरा होती. तीन नवी जन्मली. आज एकवीस."

अण्णांनी पेपर खाली केला. "कसला आकडा हा?"

"तुमच्या पुस्तकात नाही तो," सासूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.