रंगीत तुकड्यांचा एक सेकंद

ऊसनोंदणीचं आमचं ॲप मी गंगाखेडला आत्याच्या जुन्या फोनवर तपासत होतो. नोंद झाली की पडद्यावर रंगीत तुकडे उधळायचे, ही माझीच हौस. तुकडे शेकडो होते. फोन अडखळायला लागला, उधळण संपेना. आत्या फोन धरून बांधावर उभीच.

"झाली की नोंद," मी म्हणालो.

"थांब, अजून व्हायलंय!" ती खेकसली.

चिडून परभणीला ऑफिसात परत आलो. तुकडे मोजकेच ठेवले, फोनला हलकं जावं म्हणून सगळे एकाच कॅनव्हासवर, म्हणजे एकाच चित्रपटलावर, काढले आणि सेकंदाच्या आत उधळण संपवून ॲनिमेशनच थांबवलं.

पुढच्या खेपेला तुकडे झरकन उडाले, विरले. "झालं," म्हणत आत्यानं फोन कमरेला खोचला आणि ती उसात शिरलीसुद्धा. माझ्याकडं बघितलंही नाही. एवढी मोठी शाबासकी मला अजून कुणी दिलेली नाही.